दारापाशी अडकलेलं चित्र

अप्पांचा तेरावा झाला. शांभवी चेन्नईला परत निघणार, तेवढ्यात आई म्हणाली, "मागच्या खोलीतला टीव्ही अडकतो. तेवढं नीट करून जा."

राउटर पुढच्या खोलीत होता आणि त्याचं वायफाय पुढं पोचवणारा जोडीदार डबा, मेश एक्स्टेंडर, थेट टीव्हीशेजारी लावलेला होता.

"इथं मुळात वायफायच धड पोचत नाही, मग हा टीव्हीला काय देणार? कुणी लावला?"

"तुझ्या अप्पांचं डोकं. माझं कधी ऐकलं त्यांनी?"

शांभवीनं डबा मधल्या खोलीत, दोन्ही दारांच्या रेषेत, लोखंडी कपाटापासून लांब ठेवला. त्याचा दिवा हिरवा झाला. आईला तिरुवैयारूच्या संगीत उत्सवातलं गाणं ऐकायचं असेल, असं तिला वाटलं.

आईनं रिमोट दाबला, आणि पडद्यावर अप्पांची तिरडी आली. शांभवीच्या परदेशातल्या भावाला दिसावं म्हणून चुलतभावानं मोबाइलवरून सगळं थेट दाखवलं होतं, त्याचंच हे रेकॉर्डिंग.

"आई, हे कशाला?"

"आम्हां बायकांना तिथं कोण नेतं? फोनवर मला दिसत नाही. इथं लावलं तर थांबत थांबत स्मशानाच्या दारापर्यंत येतं, मग नुसतं गोल फिरत राहतं. रोज त्यांना दारात सोडून मी झोपते."

चित्र दारापाशी आलं आणि न थांबता आत गेलं. रिमोटकडे गेलेला शांभवीचा हात आईनं वाटेतच धरला, आणि सगळं संपेपर्यंत सोडला नाही.