फेस नसलेला कप

चौकशी कार्यालयासमोरच्या कॉफीच्या दुकानात ती एकोणीस वर्षे उभी होती. समोरच्या दगडी इमारतीतून तिच्याकडे रोज फक्त दोनच गोष्टी येत: ऑर्डर आणि रिकामे कप. बाकी काही बाहेर येत नसे. माणसेही क्वचितच.

अकरा दिवसांपूर्वी तिच्या दादाला, म्हणजे महाविद्यालयात इतिहास शिकवणाऱ्या तिच्या थोरल्या भावाला, दोघेजण घरून घेऊन गेले होते. ती कार्यालयाच्या अर्जांच्या खिडकीपाशी चार वेळा जाऊन आली. चौथ्या वेळी कारकुनाने अत्यंत सभ्यपणे लेखी उत्तर दिले: सदर व्यक्ती आमच्या ताब्यात नाही. सही, शिक्का, तारीख, सगळे जिथल्या तिथे. असत्यालाही या इमारतीत जावक क्रमांक मिळत असे.

बाराव्या सकाळी शिपाई नेहमीप्रमाणे ट्रे घेऊन आला.

"ताई, तीन कप. साहेबांची गोड, टंकलेखकाची मध्यम. आणि एक बिनसाखरेची, उकळून उकळून फेस पार मारलेली."

"फेस मारलेली?"

"पाहुणा विचित्र आहे. तुमच्या हातचा फेस सोडून काळं पाणी मागतोय, गाढवाला गुळाची चव काय. पण साहेब म्हणतात, माणसाला त्याच्या आवडीचं पाजलं की जीभ सैल होते. बघू, अजून तरी दगड आहे."

तिने पाठ वळवली, कारण चेहरा कुठेतरी लपवणे भाग होते. साऱ्या शहरात असली कॉफी पिणारा एकच इसम तिला ठाऊक होता. 'फेस म्हणजे सरकारी जाहीरनामा,' दादा म्हणायचा. 'वर फुगवटा, खाली गाळ.' ती त्याला कॉफीचा खुनी म्हणायची, आणि भांडण झाले की मुद्दाम त्याचा कप काठोकाठ फेसाने भरून पुढ्यात आदळायची. मग तो हसायचा आणि भांडण मिटायचे. घरात दुसरी माफी माहीतच नव्हती.

गोड आणि मध्यम कॉफी तिने नेहमीच्या शिस्तीत केली. मग तिसऱ्या कपासाठी कल्हई केलेले, लांब दांड्याचे चिमुकले तांब्याचे भांडे घेतले. त्यात गार पाणी, त्यावर पिठीसारखी दळलेली पूड. एकदाच नीट ढवळले. मंद आचेवर ठेवल्यावर चमचा लावायचा नसतो. कडेने तपकिरी कडे धरले, ते हळूहळू आत सरकत मिटले, फुगून गळ्यापाशी आले. उकळी फुटण्याच्या आत तिने भांडे उचलले, चमच्याने फेस कपात घातला, भांडे पुन्हा आचेवर ठेवले, पुन्हा फुगू दिले, आणि कडेकडेने ओतले. फेस मोडला नाही. मी इथे आहे, एवढेच त्या कपात लिहिले होते.

शिपायाने कपाकडे पाहिले. "ताई, फेस नको म्हटलं होतं ना?"

"सवयीचा हात, भाऊ. वळण लवकर सुटत नाही."

तासाभराने कप परत आला. तळाशी फक्त गाळ होता. तिने तो धुतला नाही, फडक्याखाली ठेवला.

दुसऱ्या सकाळी शिपाई आला नाही. साहेब स्वतः आले. बुटके, नीटनेटके, चष्मा पुसत बोलणारे गृहस्थ.

"बाई, काल तुमची चूक झाली. एकोणीस वर्षांत पहिली, असं शिपाई म्हणतो."

"होतं कधीतरी, साहेब."

"होतं ना. पण आमचा पाहुणा बारा दिवस कॉफी मागण्यापलीकडे एक शब्द बोलला नव्हता. फेस पाहिला आणि हसला. मी जन्मभर लोकांच्या कॉफीकडे बघत आलोय. चुकीच्या कपाला कुणी हसत नाही." त्यांनी चष्मा चढवला. "मग मी खिडकीवरचे अर्ज मागवले. एका अर्जावर तुमचीच सही निघाली."

"तुम्ही लेखी दिलंत, तो नाही म्हणून."

"तेच तर. जे लेखी नाही, ते तुम्हाला कळलं. आज तीन कप करा. एक मला, एक त्यांना, एक तुम्हाला. ट्रे तुम्हीच आणा. एकट्या माणसाला गप्प बसणं सोपं असतं. बहीण समोर बसली की बघू."

तिने तीन कपांचे भांडे आचेवर ठेवले. आच इतकी बारीक केली की ज्योत दिसेना. साहेबांना घाई नव्हती. ते दांड्याकडे पाहत उभे राहिले, जणू नवी विद्या शिकत होते. कडे धरले. कडे मिटले. फेस वर आला, गळ्याला टेकला.

तिने भांडे उचलले नाही. उकळी फुटली, फेस चरचरत बसला. तिने आणखी उकळू दिले, मग पहिला कप भरला.

"हा त्यांचा," साहेब म्हणाले.

"तिन्ही असेच. मी भांडलेली नाही, हे त्याला कळू दे."

साहेबांनी मान डोलावली, मनात टिपून ठेवल्यासारखी. "शेगडी विझवा," ते म्हणाले. "आणि फळ्या लावून घ्या. वेळ लागेल."

तिने ट्रे उचलला. तिन्ही कपांत काळे पाणी होते, काठापासून बोटभर खाली, आणि रस्ता ओलांडताना त्यातला एकही कप डुचमळला नाही.