सोबतीला कोण

"इथंच नाही का होणार?" ठकीच्या आईनं पुन्हा विचारलं. उत्तर तिला पाठ झालं होतं, पण विचारल्याशिवाय राहवेना.

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. लहान मुलांच्या कॅन्सरवर उपचार करता करता त्यांचे केस पिकले होते. अशा आया त्यांनी पुष्कळ पाहिल्या होत्या, तरी त्या चिडल्या नाहीत.

"होईल. साधे किरण इथं देता येतील. पण ते आरपार जातात. ठकी चार वर्षांची आहे, तिचा मेंदू अजून वाढतोय. प्रोटॉनचे किरण जिथं थांबवू तिथं थांबतात, पुढचा चांगला भाग वाचतो. आपल्याकडे अशी मशीनं मोजकीच, तिथं वेळेत नंबर लागणार नाही. परदेशात जाऊन येणं जमत असेल, तर मी जा म्हणेन."

ठकीच्या लहान मेंदूजवळची गाठ सर्जननं पूर्ण काढली होती. मानेवरचे टाके सुकले होते. ती अजून झोकांड्या खात चालायची, पण खुदकन हसायला लागली होती. आता राहिलेल्या पेशी मारायला किरण द्यायचे होते आणि त्याला फार उशीर करून चालणार नव्हता.

डॉक्टरीणबाईंचं लक्ष ठकीच्या आईच्या पोटाकडे गेलं. सहावा महिना सरत आला होता.

"सोबतीला कोण जाणार?" त्यांनी विचारलं.

"मी," ती म्हणाली. "दुसरं कोण?"

ठकीचा बाप लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत मेकॅनिक होता. परदेशातल्या उपचारांना मंजुरी देणारा विमा त्या नोकरीशी बांधलेला. नोकरी गेली की विमा गेला. आठवडाभराची रजा साहेबानं तोंड वाकडं करून दिली असती, दोन महिन्यांची मात्र नाही. म्हणजे आईच जाणार, यावर घरात चर्चासुद्धा झाली नव्हती.

दोन हॉस्पिटलांना कागद गेले. पहिल्याचं उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं, तेही एका एजंटामार्फत. आवाज लोण्यासारखा.

"काही काळजी करू नका, ताई! पुढच्या आठवड्यात या. महिन्याभरात मोकळ्या. विमानतळावर गाडी, राहायला खोली, सगळं आमच्याकडं."

ठकीच्या आईनं बोटांवर हिशेब केला. महिन्याभरात म्हणजे आठवा लागता लागता परत. विमानवाले तोवर डॉक्टरच्या चिठ्ठीवर बसू देतात. तिचा जीव भांड्यात पडला. संध्याकाळी नवऱ्याला वाढताना ती कित्येक दिवसांनी गुणगुणली.

दुसऱ्या हॉस्पिटलनं आठवडा घेतला आणि वर मागण्याच पाठवल्या. गाठीच्या तुकड्याच्या, सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या काचा पाठवा, आम्ही स्वतः तपासू. मेंदूचाच नाही, मणक्याचाही नवा एमआरआय काढा. ऑपरेशनचा अहवाल सर्जनच्या सहीनिशी हवा.

"नुसता वेळकाढूपणा!" ती फणकारली. "पहिल्यांनी मागितलं का काही?"

"तेच तर," नवरा म्हणाला. लिफ्टच्या तारा तपासणारा माणूस, जपूनच बोलायचा. "न बघताच त्यांना सगळं कसं कळलं?"

ती उसळली. "मग तू जा तिच्याबरोबर! जातोस?"

हे बोलायला नको होतं, हे तिलाही कळलं, पण शब्द सुटून गेला होता.

रात्रभर तिचं मन खात राहिलं. सकाळी ठकीला मांडीवर घेऊन तिनं एजंटाला फोन लावला.

"किरण देताना मुलीनं हलायचं नाही ना? एवढीशी पोर रोज कशी पडून राहील?"

"अहो, सवय होते मुलांना! गोड औषध देतो, पट्ट्यांनी जरा धरून ठेवतो. दोन दिवस रडतात, मग गुमान पडतात."

"भूल देणारे डॉक्टर असतात का? लहान मुलांचे?"

"लागले तर बोलावतो की."

"आमच्या डॉक्टर म्हणाल्या सहा आठवडे लागतील. तुम्ही महिना म्हणता."

"आमचं मशीन जास्त पॉवरचं आहे, ताई."

"तिथल्या डॉक्टरांशी बोलता येईल?"

"आल्यावर भेटतीलच ना."

तिनं फोन ठेवला. ठकी तिच्या बांगडीशी खेळत होती. पट्ट्यांनी धरून ठेवलेली ठकी तिला डोळ्यांपुढून हलवता येईना. तिला स्वतःचीच भीती वाटली. कारण एवढं ऐकूनही मनाचा एक कोपरा म्हणत होता, तरी काय झालं, मी असेन ना जवळ.

दुपारी तिनं हे डॉक्टरीणबाईंच्या कानावर घातलं. त्यांनी एवढंच विचारलं, "जास्त पॉवर म्हणून कमी दिवस? हे तुम्हाला डॉक्टरनं सांगितलं की एजंटनं?" त्याच आठवड्यात मागितलेल्या काचा, एमआरआय आणि अहवाल दुसऱ्या हॉस्पिटलला गेले.

दुसऱ्या हॉस्पिटलच्या समन्वयक बाई स्क्रीनवर आल्या. शेजारी दुभाषी होती. बाईंनी काहीच गोड करून सांगितलं नाही. काचा बघून झाल्या होत्या, निदान तेच होतं. तारीख तीन आठवड्यांनंतरची. डॉक्टरीणबाईंशी बोलणं झालं होतं, तेवढं थांबलेलं चालेल. आधी भूल देऊन, डोकं हलू नये म्हणून चेहऱ्याचा मुखवटा बनवायचा, स्कॅन करायचं, मग डॉक्टर आखणी करणार. त्यात दीड-दोन आठवडे. मग सहा आठवडे, शनिवार-रविवार सोडून रोज किरण. रोज सकाळी उपाशीपोटी थोडा वेळ भूल, छातीत बसवलेल्या नळीतून, म्हणजे रोज सुई नाही. संपल्यावर लगेच विमान नाही. रक्त तपासून, ताकद बघून मगच सोडू. परतीचं तिकीट बदलता येईल असंच काढा. हॉस्पिटलजवळ पाहुण्यांच्या घरात खोली मिळेल, स्वयंपाकघर सामायिक.

"आणि सोबत एकच माणूस सलग हवं," दुभाषी म्हणाली. "भुलेतून उठताना मुलांना तोच चेहरा लागतो. बाई विचारतायत, तुम्हाला कितवा महिना?"

तिनं सांगितलं. बाईंनी ते लिहून घेतलं.

"तुम्ही आलात तर बाळंतपण इथंच होईल. त्या दिवशी ठकीला कोण आणेल? तुम्ही येऊ नका असं मी म्हणत नाही. पण दुसरं कुणी आहे का?"

होतं. तिथंच तर घोडं अडलं होतं.

ठकीची आत्या बस डेपोत कंट्रोलर होती. लग्न केलेलं नव्हतं, आवाज खणखणीत, डेपोतले ड्रायव्हर तिला वचकून असायचे. ठकीला सकाळी उलट्या व्हायला लागल्या तेव्हा हीच आत्या म्हणाली होती, "शाळेत जायचं नाही म्हणून नाटकं करते ती. लाड कमी करा." आणि ठकीच्या आईनं ते ऐकलं होतं. दोन महिने. मग एक दिवस पोर शाळेच्या पायरीवर कोसळली. तेव्हापासून ठकीची आई नणंदेशी एक शब्द बोलली नव्हती. हॉस्पिटलात आत्या आली की ही उठून बाहेर जायची.

ती डेपोत एकटीच गेली. नवऱ्याला पाठवलं असतं तर काम सोपं झालं असतं, पण पोर हिनंच सोपवायची होती.

कंट्रोलरच्या केबिनमध्ये पंखा खडखडत होता. आत्या माइकवर कुणाला तरी झापत होती. वहिनीला दारात बघताच तिनं माइक बंद केला आणि उठून उभी राहिली.

"ठकी...?"

"बरी आहे. बसा, ताई."

आत्या बसली नाही. हिनं उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. तारीख, उपाशी सकाळी, भूल, नळीची निगा, ताप आला तर तासाभरात हॉस्पिटल गाठायचं. शेवटी म्हणाली, "तुम्हाला विचारायला मी मरून गेले असते तरी आले नसते. पण माझ्याकडं दुसरं कुणी नाही."

"माझी चूक..." आत्यानं सुरुवात केली.

"नको. माफी मागू नका. मी ती देऊ शकणार नाही आणि मग तुम्ही जाणार नाही."

आत्याचा चेहरा पांढराफटक पडला. "पासपोर्ट आहे माझा," ती कशीबशी म्हणाली. "रजा साठलीय सगळी. नळीचं कसं करायचं, ते शिकव मला."

पुढचे दिवस धावपळीत गेले. व्हिसा तिघांचा: ठकी, आत्या आणि पहिल्या आठवड्यापुरता बाप. आत्यानं निर्णय घ्यावेत म्हणून आईबापांचं नोंदणी केलेलं संमतीपत्र. नर्सनं नकली नळीवर आत्याकडून ड्रेसिंग करून घेतलं. पहिल्यांदा आत्यानं चिकटपट्टी वाकडी लावली, नंतर नाही.

निघायच्या दिवशी ठकीनं आईच्या गळ्याला मिठी मारली ती सोडेचना. बापानं एकेक बोट सोडवलं. विमानतळाच्या काचेपलीकडून ती ओरडत होती, आवाज ऐकू येत नव्हता, नुसतं तोंड उघडलेलं दिसत होतं. ठकीच्या आईला वाटलं, आता आत जावं, तिकीट नसलं तरी, पोटाला हात लावून म्हणावं, मला येऊ द्या. ती जागची हलली नाही.

बाप आठवड्यानं परत आला. रोज व्हिडिओ कॉल व्हायचा. आधी ठकी रडायची. मग रडेनाशी झाली, हे जास्त वाईट होतं. मानेवरचे केस गळाले. खाण्यावरची वासना उडाली. एकदा ती आईकडं बघेचना, म्हणाली, "तू आली नाहीस," आणि आत्याच्या पदरात तोंड लपवलं.

आत्या काहीही झाकून ठेवत नव्हती. चौथ्या आठवड्यात तिचा फोन आला, "ताप आहे. आम्ही हॉस्पिटलात पोचलोय. नळीतून जंतू गेलेत का बघतायत. किरण थांबवलेत. घाबर, पण बसून घाबर. तुला काही झालं तर मी दोन्हीकडं पुरी पडणार नाही."

ती फरशीवर बसली. भिंतीला टेकून बसलेली, पोट वर आलेलं, आणि मध्ये अख्खा समुद्र. डॉक्टरांनी प्रवासाला केव्हाच मनाई केली होती. तरीही तिनं नवऱ्याला सांगितलं, तिकीट बघ. त्यानं पाहिलं नाही. तो तिच्याशेजारी बसला आणि पहिल्यांदाच हमसून रडला.

ताप उतरला. राहिलेले डोस पुढं ढकलले गेले, परतीची तारीखही. त्या वाढीव दिवसांतच तिला मुलगा झाला. कळा देताना ती ठकीचं नाव घेत होती.

किरण संपल्यावरही डॉक्टरांनी सोडलं नाही. रक्तातल्या पेशी कमी होत्या, पोर पाच पावलांत दमत होती. आत्या तिला बाकावर उन्हात बसवायची, घासघास भरवायची. आकडे सुधारल्यावरच विमानाची परवानगी मिळाली.

दोघी दारात आल्या तेव्हा आत्याचे गाल बसले होते. ठकी तिच्या खांद्यावर होती. आईनं हात पुढे केले. ठकीनं आईकडं पाहिलं, बाळाकडं पाहिलं, आणि आत्याच्या मानेत चेहरा खुपसला.

"अगं, आई आहे ना," आत्या कळवळून म्हणाली. "जा."

"नको."

दुपारी ठकी झोपली. झोपेतून दचकून उठली तेव्हा आई उशाशीच होती, पण पोरीनं घाबरून इकडंतिकडं पाहिलं आणि हाक मारली ती आत्याला. किरणांनंतरचा पहिला स्कॅन अजून व्हायचा होता. त्यात काय येईल कुणालाच माहीत नव्हतं. एवढं सगळं करून हातात काय होतं, तर ही हाक.

बाहेरच्या खोलीत आत्या बॅग उचलून निघालीच होती. ठकीची आई दारापर्यंत गेली.

"ताई," ती म्हणाली. मनातला राग गेला नव्हता, तिनं तो चाचपून पाहिला, तिथंच होता. "आज राहा. उठल्यावर तिला तुम्ही लागता."

आत्यानं बॅग खाली ठेवली आणि ती आत गेली. ठकीची आई तिथंच उभी राहिली. आतून आत्याचा हलका आवाज येत होता, मग ठकीचा. थोड्या वेळानं बाळ रडायला लागलं, तेव्हा तिनं डोळे पुसले आणि त्याला घ्यायला गेली.