सहाव्या संघाची पुढे चाल

क्लबच्या व्हॉलीबॉल स्पर्धेची भाग्यपत्रिका, म्हणजे कोण कोणाशी खेळणार याचा तक्ता, दरवर्षी ताईच काढायची. यंदा संघ आले अकरा. सोळा जागांच्या तक्त्यात पाच रिकाम्या राहत होत्या, म्हणून गेल्या वर्षीच्या पहिल्या पाच संघांना तिने पहिल्या फेरीत न खेळताच पुढे चाल दिली. तीन वरच्या अर्ध्यात, दोन खालच्या. तिच्या धाकट्या भावाचा संघ सहावा. त्याची गाठ अकराव्याशी पडली.

तक्ता फळ्यावर लागला आणि दुसऱ्याच दिवशी नवव्या संघाने माघार घेतली. भाऊ तडक ऑफिसात आला.

"ताई, आता दहाच संघ. म्हणजे पुढे चाल सहा जणांना. सहावा मी! तक्ता नव्याने काढ."

"हिशेब बरोबर आहे तुझा. पण लागलेला तक्ता बदलायचा नाही, असा नियम आहे. नवव्याशी खेळणारा आठवा न खेळता पुढे जाईल."

"माझा गुडघा ठाऊक आहे ना तुला? हे शेवटचंच वर्ष."

"ठाऊक आहे," ती म्हणाली आणि नवव्या संघावर रेघ मारली.

अकराव्या संघाविरुद्ध दुसऱ्या सेटमध्ये उडी मारताना त्याचा गुडघा गेला आणि संघ हरला. ती त्याची बॅग उचलायला गेली, तर त्याने ती हिसकावून घेतली आणि लंगडत एकटाच निघाला.

क्लबचे अध्यक्ष जवळ आले. "तेव्हा एकही सामना झाला नव्हता गं. एका शब्दाने विचारलं असतंस, तर मी नवा तक्ता मंजूर केला असता."