बछडा म्हंजे वासरू न्हाई

मी सातवी पास हाय, अन त्याच सातवीनं माझ्या नवऱ्याचा हात मोडला. बाया म्हणतात, गिरिजाबाई, तुझा काय दोष? दोष कसा न्हाई? अक्षर माझं होतं.

माझा नवरा तातेराव हसनाबादेत घराच्या ओट्यावर बसून कातडी पिशव्या शिवायचा. मशीन न्हाई, नुसती आरी अन मेण लावलेला दोरा. त्या साली औरंगाबादला सरकारी प्रदर्शन भरणार होतं. जालन्याचा फोटोवाला येऊन पाच पिशव्यांचे फोटो काढून गेल्ता. फोटो पुठ्ठ्यावर डकवायचे अन खाली लिहायचं, माल कोणता, निगा कशी ठेवायची, टिकंल किती. तातेरावला अक्षराची ओळख न्हाई. तो सांगत गेला, मी लिहीत गेले.

"म्हशीचा माल, तरवडाच्या सालीच्या पाण्यात भिजवून पिकवलेला. भिजली तर सावलीत वाळवा, चुलीपाशी नेऊ नका. अधूनमधून एरंडेल चोळा, पर थोडंच. दोन सुयांची शिवण हाय, एक दोरा तुटला तरी दुसरा धरून ठेवतो. धा वर्सं बघायला नको."

पाचवी पिशवी मऊ होती. हिचं काय लिहू, म्हणलं. तो म्हणला, "बछड्याचा माल लिही."

बछडा हा आमच्या धंद्यातला शब्द. जालन्याचे व्यापारी म्हशीच्या रेडकाच्या कातड्याला बछडाच म्हणतात, अन हे मला बराबर ठाऊक होतं. पर औरंगाबादचे साहेब वाचणार, तिथं हिंदी कशाला, आपण शुद्ध लिहू, म्हणून मी ऐटीत लिहिलं, 'वासराचे मऊ कातडे'. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, ते माझ्यासाठीच.

पुठ्ठे ग्रामसेवकाकडे दिले. त्यानं पंचायतीत बसलेल्यांना ते मोठ्यानं वाचून दाखवले. तिथं काकासाहेब बसला होता, गावातला मोठा जमीनवाला. त्याचं गाईचं वासरू आठ दिवसांपासून सापडत नव्हतं.

तासाभरात सात-आठ जण आमच्या दारात आले. विचारपूस काही न्हाई. कुऱ्हाडीचा दांडा तातेरावच्या खांद्यावर बसला, दुसरा तोंडावर. दोन दात तिथंच ओट्यावर पडले. त्याला पायाला धरून रस्त्यावर ओढला, बरगडीत लाथा घातल्या. आतून कोणीतरी भिजत घातलेल्या कातड्याचा रांजण ओढून आणून फोडला, अन सालीचं ते लाल पाणी त्याच्या रक्तात मिसळलं.

"मालक, रेडकाचं हाय," तो म्हणत होता. "जालन्याहून आणलं. आठ दिवसांत कातडं पिकतं का? महिना जातो."

त्याचं खरं होतं, पर ऐकतो कोण. काकासाहेबानं पुठ्ठा त्याच्या तोंडासमोर धरला. "मंग हे वासराचं कुनी लिव्हलं?"

मी उंबऱ्यात उभी होते. तातेरावनं माझ्याकडं एकदा बघितलं.

"म्या लिव्हलं," तो म्हणला.

"कोन्त्या हातानं?"

त्यानं उजवा हात पुढं केला.

ज्या दगडावर तो कातडं ठोकायचा, त्याच दगडावर त्यांनी तो हात दाबून धरला. काकासाहेबाच्या पोरानं आमचीच ठोकायची लाकडी मोगरी उचलली. पहिल्या घावाला अंगठा गेला. दुसऱ्याला तातेराव ओरडला, तिसऱ्याला ओरडायचा थांबला. वाळली काटकी मोडावी तसा आवाज येत होता. देवाशप्पथ सांगते, पाचवा घाव पडेपर्यंत मी गप उभी होते. मंग कुठून बळ आलं ठाऊक न्हाई, कातडं कापायची रापी उचलली अन काकासाहेबाच्या दंडात घातली, पार हाडापर्यंत.

"म्या लिव्हलं, भाड्या," मी ओरडले. "त्याला अक्षर येत न्हाई, गावाला ठाऊक हाय."

काकासाहेबाचं रक्त बघितलं अन सगळे पांगले. माझ्या नवऱ्याचं इतका वेळ वाहत होतं, ते कुणाला दिसलं नव्हतं.

वासरू दुसऱ्या दिवशी भोकरदनच्या कोंडवाड्यात सापडलं. काकासाहेबाच्या घरून पाटीभर ज्वारी आली. मी ती पाटी गल्लीत लाथाडली. दवाखान्यातल्या डॉक्टरनं सांगितलं, बोटं आता मिटायची न्हाईत, आरी धरायचं तर सोडाच.

महिनाभर मी त्याला भरवत होते अन विचारायची हिंमत होत नव्हती. एक दिवस घास हातात धरून विचारलंच, "तुम्ही खोटं का बोललात?"

तो म्हणला, "त्यांना कुणाचा तरी हात मोडायचाच होता. शिवणारे आपल्यात धा हायेत. लिव्हणारी तू एकलीच."

मी घास त्याच्या तोंडात घातला. त्याचं चावून होईपर्यंत मला त्याच्याकडं बघवलं न्हाई.