तीन वर्षांची मोकळी जागा

पुंजाजींनी परतवाड्याजवळच्या आपल्या संत्र्याच्या बागेत चाळीस वर्षं थर्मामीटर पाहिलं. रात्रीचं सर्वांत कमी तापमान, रोज सकाळी वहीत. गाव त्यांना येडं म्हणायचं. ते गेले, आणि अमरावतीच्या कृषी प्रदर्शनात त्या वह्यांवरून एक मिनिटाचं ॲनिमेशन दाखवायचं ठरलं. काम अकोल्याला माझ्याकडे आलं. मी लग्नाचे व्हिडिओ करता करता शिकलेली. नवरदेवाचं पोट आत घ्यायची सवय होती. इथं काही आत-बाहेर करायचं नव्हतं.

आयोजकांचा शेखर आणि पुंजाजींची बायको माणिकबाई दुपारी माझ्या दुकानात आले.

"ताई, तापमानाची पट्टी सव्वीस ते एकोणतीस अंश ठेवा," शेखर म्हणाला. "रेघ कशी आभायात गेली पायजे!"

"दीड अंशाच्या वाढीचा डोंगर केला, तं उद्या कोणी आपल्यालेच येडं म्हणन," मी म्हणाले.

माझा क्रम ठरला होता. आधी रिकामी पट्टी, वीस ते बत्तीस अंश, शेवटपर्यंत न हलणारी. मग पहिल्या दहा वर्षांच्या सरासरीची करडी रेघ. मग दर सेकंदाला एक ठिपका, म्हणजे त्या वर्षीच्या मे महिन्यातल्या रात्रींची सरासरी. लाल रेघ, शेवटच्या दहा वर्षांची, सगळे ठिपके आल्यावरच.

मी ते दोघांना चालवून दाखवलं. दोन हजार नऊ आलं आणि पडदा थांबल्यासारखा झाला. थर्मामीटर फुटलं होतं. नवं यायला तीन वर्षं लागली. वर्षं पुढं सरकली, ठिपका नाही.

"जोडून टाका ना, तीनच तं हायेत," शेखर म्हणाला.

"सव्वीस पॉइंट नऊ," माणिकबाई म्हणाल्या. मग बरोबर एका सेकंदानं, "सत्तावीस पॉइंट तीन." मग, "सत्तावीस."

मी ते ठिपके टाकून पाहिले. तिन्ही आजूबाजूच्या ठिपक्यांत चपखल बसले. बाकीच्या वर्षांच्या सरासऱ्या मी कालच काढल्या होत्या, आणि या तीन वर्षांच्या काढायला आकडेच नव्हते.

"काकू, तुमाले कोणं सांगतलं?"

"तो सांगते ना, तुये काकाजी. सकायीच."

शेखर खूश. "झालं काम!"

मी ठिपके पुसले. "काकू, हे ठेवले अन् कोणी वही मागतली, तं काय दाखवू? मंग काकाजींचं सारंच खोटं ठरन."

त्यांनी पडद्यावरच्या मोकळ्या जागेवर बोट ठेवलं.

"मोकयंच ठेव. त्याले नाई आवडत खोटं."

मी जागा मोकळी सोडली आणि खाली लिहिलं : 'या तीन वर्षांची नोंद नाही.'

अमरावतीच्या मंडपात गर्दी होती. ते तीन रिकामे सेकंद आले. मी पडदा सोडून पहिल्या रांगेत पाहत होते. माणिकबाईंचे ओठ दर सेकंदाला हलत होते. शेवटचा ठिपका आला, लाल रेघ उमटली, टाळ्या झाल्या, मंडपातले दिवे लागले.

त्यांचे ओठ थांबले नव्हते. दर सेकंदाला एक, आता पुढच्या वर्षांचे आकडे.

शेखरनं खूण केली, या इकडे, फोटो आहे. मी वही-पेन पिशवीत खोल ढकललं आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसले. त्यांचा हात हातात घेतला, पण ते आकडे ऐकू येऊ नयेत म्हणून कान दुसरीकडे ठेवला.