आधी सोपं उरकू

युनियनच्या खोलीत खुर्च्या तीन आणि माणसं दोन, तरी ताई उभीच होती. पॅकिंगमध्ये सोळा वर्षं काढलेली ही बाई गेल्या वर्षी युनियनची सेक्रेटरी झाली, तेव्हापासून अख्खा कारखाना तिला ताई म्हणतो. तिच्याहून थोराड बाप्येसुद्धा. समोर अध्यक्ष काका बसले होते. टेबलावरच्या कागदावर उद्याच्या वाटाघाटीचे पाच मुद्दे होते: सुरक्षेचे बूट, बसची वेळ, कँटीन, पाळ्यांचं वेळापत्रक आणि सात जणांना कामावर परत घेणं.

या सातांनी केलं होतं काय, तर कापायच्या मशीनची हात वाचवणारी जाळी निखळली होती, म्हणून मशीन बंद ठेवलं. "जाळी बसवा, मग चालवतो," एवढंच म्हणाले. कंपनीने सातही जणांना काढून टाकलं. त्यातला एक ताईचा सख्खा धाकटा भाऊ.

"सातांचा मुद्दा आधी घे," काका म्हणाले. "आत्ता लोक तापलेत. संपाला हात वर करा म्हटलं तर सगळे करतील. बूट मिळाले, बस मिळाली, की झालं. मग कुणाच्या जिवावर भांडशील?"

"आणि पहिल्याच दिवशी फिसकटलं तर? चार सोप्या गोष्टी पटल्या की साहेबही जरा नरमतात, काका."

"बरं, सोपं आधी घे. पण लिहून घे की सगळं ठरेपर्यंत काहीच ठरलं नाही. एकेका मुद्द्यावर सुटी सही करू नकोस."

ताईने कागद पुढे ओढला. सोपं आधी घ्यायचं हे तिचं म्हणणं अगदीच खुळं नव्हतं हो. कधीकधी तसं जमतंही. पण खरं कारण निराळंच होतं. पॅकिंगमधल्या बायका कुजबुजत होत्या, की बाईसाहेबांना आपल्या भावाचं घोडं पुढं दामटायचंय. ते तिच्या जिव्हारी लागलं होतं. काकांची अट घातली, तर उद्या म्हणणार, भावापायी सगळ्यांचे बूट अडवले. तिने सातांचा मुद्दा पाचवाच ठेवला आणि अट लिहिलीच नाही.

कामगार कार्यालयात सरकारी अधिकारी मधे, एका बाजूला मॅनेजरसाहेब, दुसऱ्या बाजूला ही दोघं. यादी बघून मॅनेजरचा चेहरा असा खुलला, की तिथेच कुणीतरी ताईला चिमटा काढायला हवा होता. "वा! आधी सोपं उरकू. वातावरण चांगलं राहील." वातावरण फारच चांगलं राहिलं. पहिल्या बैठकीत बूट, सही. दुसऱ्या बैठकीत बस आणि कँटीन, सही. तिसऱ्या बैठकीत पाळ्या, सही. आणि कंपनी एरवी एक बल्ब बदलायला महिना लावणारी. पण या वेळी सही वाळते न वाळते तोच बूट वाटले. लोक नवे बूट करकरवत ताईला नमस्कार करायला लागले.

चौथ्या बैठकीत मॅनेजर एवढंच म्हणाले, "त्या सात जणांना घेणार नाही. काय करायचं ते करा."

चारही मुद्द्यांवर सह्या झाल्या होत्या, आता अडवून धरावं असं ताईकडे काहीच उरलं नव्हतं. उरला होता फक्त संप.

दुसऱ्या दिवशी गेटवर सभा झाली. चारशे माणसं होती. संपाला हात वर करा म्हटल्यावर काकांनी मोजले, एकतीस. बाकीचे बसची वेळ झाली म्हणून घड्याळ बघत होते. ताईला राग येईना, रडू येईना. मग कामगार कार्यालयात अधिकाऱ्याने पाचव्या मुद्द्यावर 'तडजोड नाही' असं लिहिलेला कागद पुढे केला तेव्हा तिने वाचून, तारीख घालून, नीट सही केली. आता सातांचा खटला कामगार न्यायालयात चालेल, वर्षानुवर्षं.

संध्याकाळी ती भावाकडे गेली. भावजयीने पाणी दिलं आणि आत निघून गेली. भाऊ जमिनीवर बसून होता.

"ताई, आमचा मुद्दा शेवटी का टाकलास?"

खोटं बोलायचंही त्राण नव्हतं. "तू माझा भाऊ म्हणून. लोकांनी बोट दाखवू नये म्हणून."

तो चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं. त्याने अगदी साधेपणाने विचारलं, "माझं ठीक आहे गं. पण बाकीचे सहा?"

ताईच्या हातात पाण्याचा पेला होता. ते सहा तिच्या डोक्यात एकदाही आले नव्हते.