खारट सुपाचे गुण

शेन बाई निवृत्त होईपर्यंत तैवानमधल्या थायनान शहरातल्या एका शाळेत नववीला चिनी भाषा शिकवायच्या. त्यांच्या घराखालीच मेइ-श्युएचं मासळीच्या गोळ्यांच्या सुपाचं दुकान होतं. एका सकाळी मेइ-श्युए वर आली आणि टाइप केलेला एक कागद बाईंच्या हातात ठेवून म्हणाली, "बाई, एवढा निबंध तपासून द्या. गुण द्या फक्त."

"कितवीतला आहे?"

"ते राहू दे ना."

"बरं, किती गुणांपैकी देऊ?"

"तुम्हाला योग्य वाटतील तेवढ्यांपैकी."

"अगं, काय बघायचं ते तरी सांग. भाषा, मांडणी, की शुद्धलेखन? लिहिणारा केवढा आहे?"

"अजून वाढतोय," मेइ-श्युए म्हणाली. "पोटाकडून." आणि गिऱ्हाइकाचं निमित्त करून ती जिना उतरली.

निबंधाचं नाव होतं 'सांगायचं राहून गेलेलं'. वर ना वर्ग, ना नाव. आमच्या घरचं सूप खारट असतं, पण वाटी पुढे आली की माझी जीभ टाळूला चिकटते, असं लिहिणाऱ्याने लिहिलं होतं. करणारीच्या हातातला डाव आणि तिचा चेहरा, दोन्हींचं वर्णन फक्कड होतं. सूप पिऊन झाल्यावर तो गुपचूप मोरीत जाऊन दोन भांडी पाणी पितो, तिथे बाई एकट्याच हसल्या. मेइ-श्युएचा गुटगुटीत भाचा नववीत होता. त्याचाच असणार, असं त्यांनी ठरवलं. नववीच्या परीक्षेत निबंधाला वरची पातळी सहा. सहा द्यायला शेवट जरा घाईचा झाला होता. बाईंनी लाल पेनाने मोठा पाच काढला आणि कागद खाली पाठवून दिला.

दुपारी मेइ-श्युएचा नवरा आ-खुन जिना चढून आला. बसचा ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेला, आवाज अजून बसमधलाच.

"बाई, माझं काय चुकलं ते सांगा. शंभरात पाच?"

"तुमचं?"

"निबंध माझा आहे. प्रौढांच्या वर्गात जातो मी, गुरुवारी. तिनं तो दुकानाच्या काचेवर चिकटवलाय. येणारा जाणारा विचारतो, आ-खुन, नापास का रे?"

बाई चष्मा शोधत त्याच्यासोबत खाली गेल्या. काचेवर कागद होता आणि मेइ-श्युए खुशीत गोळे वळत होती.

"मेइ-श्युए, पाच शंभरातले नाहीत. सहातले आहेत."

तिचे हात थांबले. "म्हणजे चांगले?"

"खूपच चांगले."

"माझ्या सुपाला नावं ठेवली म्हणून सहात पाच? बाई, तुम्ही माझ्या बाजूच्या ना?"

"मला बाजू कुठे सांगितली होतीस? वर्गसुद्धा सांगितला नाहीस."

"नाव सांगितलं असतं तर तुम्ही भीड धरली असती."

आ-खुनची छाती फुगली होती. बाईंनी खुर्ची ओढली. "आता नीट सांगा दोघं. तुमच्या वर्गात किती गुणांपैकी असतात?"

"तिथे गुणच नसतात," आ-खुन म्हणाला. "सर वाचतात आणि छान म्हणतात."

"मग मी कशावर देऊ?"

"भाषेवर," आ-खुन म्हणाला.

"खरेपणावर," मेइ-श्युए म्हणाली.

"भाषेचे सहापैकी पाच, ते बदलणार नाही. खरेपणाचे वेगळे देते, दहापैकी. पण त्यासाठी वाटी लागेल."

मेइ-श्युएने वाटी आणली. शेजारच्या टेबलावरची माणसं खाणं थांबवून बघू लागली. बाईंनी एक घोट घेतला, मग दुसरा.

"खारट नाही."

"बघ," मेइ-श्युए नवऱ्याला म्हणाली.

आ-खुनने वाटी ओढून एक घोट घेतला आणि बराच वेळ तोंडात घोळवला. "हे आपलं सूपच नव्हे. मीठ कमी केलंस तू."

ती गोळ्यांकडे बघत राहिली. "वाचल्यापासून जरा कमी टाकते. त्यात काय एवढं."

"मग लिहिलं तेव्हा खरं होतं," बाई म्हणाल्या. "त्या दिवसाचे दहा. आजचा शून्य."

"शून्य?" मेइ-श्युएचा चेहरा उजळला. "तो लिहून द्या."

बाईंनी तिन्ही आकडे लिहिले आणि प्रत्येकापुढे कितीपैकी, कशाचे आणि कुठल्या दिवशीचे, तेही लिहिलं. मेइ-श्युएने कागद परत काचेवर लावला. आ-खुन संध्याकाळपर्यंत काचेच्या बाहेरच्या बाजूला उभा राहून लोकांना भाषेचे गुण दाखवत होता.

कटकट झाली ती नंतर. जुन्या गिऱ्हाइकांना तो खारटपणाच आवडायचा. सूप मिळमिळीत लागतं, पूर्वीसारखं करा, असं एकजण म्हणाला, मग चौघं म्हणाले.

मेइ-श्युएने कोणाचंच ऐकून घेतलं नाही. "असं तोंडी नको," ती म्हणायची. "निबंध लिहून आणा. वर बाई राहतात. आणि वर्ग, एकूण गुण सगळं घालून आणा, नाहीतर त्या पाच देतात."

तिघांनी खरोखरच आणले.